पहाटे निघायचंय? ईव्हीची बॅटरी आधी गरम करून घ्या, पण वायर लावलेली असतानाच

जानेवारीत पहाटे पाचला पांढरकवड्याहून नागपूरला निघालेल्या माझ्या भाच्याचा बुटीबोरी ओलांडल्यावर फोन आला. "मामा, रात्री शंभर टक्के होती ना बाप्पा, मंग गेली कुठी?" स्क्रीनवर १५ टक्के उरले होते. ऑक्टोबरमध्ये त्याच रस्त्यावर, त्याच गाडीत, त्याच ठिकाणी जवळपास ३५ उरले होते. गाडी बिघडलेली नव्हती. त्याचा क्रम चुकला होता, आणि हीच चूक दर हिवाळ्यात इतके जण करतात की एकदा नीट लिहून काढतो.

एक गैरसमज आधीच काढून टाकू. "रात्रभर चार्जिंगला लावली की बॅटरी गरम राहते" हे जवळजवळ खोटं आहे. घरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटवरून ३.३ किलोवॅटने चार्जिंग होतं तेव्हा अडीच-तीनशे किलोच्या बॅटरीत फक्त दहा-वीस वॅटची उष्णता तयार होते, म्हणजे एका नाइट लॅम्पएवढी. तेवढ्याने पॅक गरम होत नाही. वायर लावून ठेवण्याचा फायदा आहे, पण तो वेगळाच, आणि या लेखातली मुख्य गोष्ट तीच आहे.

## आधी कारण समजून घ्या, म्हणजे उपाय चुकणार नाही

रेंज तीन वाटांनी जाते.

पहिली वाट बॅटरीची. सेलमध्ये लिथियमचे आयन एका द्रवातून इकडून तिकडे जातात. थंडीत हा द्रव काकवीसारखा जड होतो, आयन हळू सरकतात आणि सेलचा अंतर्गत रोध वाढतो. मग अ‍ॅक्सिलरेटर दाबला की व्होल्टेज जास्त खाली जातं आणि थोडी वीज सेलच्या आतच उष्णता होऊन जाते. शिवाय थंड सेल वीज द्यायला जितके कुरकुरतात त्याहून जास्त घ्यायला कुरकुरतात. म्हणून पाय उचलल्यावर चाकांकडून परत येणारी वीज, म्हणजे रिजन, गाडी स्वतःच कमी करते. यातला एक भाग कायमचा गेलेला नसतो. दुपारी पॅक तापला की अडकलेली थोडी वीज पुन्हा वापरता येते आणि स्क्रीनवरची टक्केवारी कधी कधी अपेक्षेपेक्षा हळू उतरते.

दुसरी वाट हीटरची, आणि आपल्याकडे बहुतेक वेळा सगळ्यात मोठी हीच असते. पेट्रोल गाडीत इंजिनाची वाया जाणारी उष्णता आत सोडतात, त्यामुळे हीटर फुकटात पडतो. विजेच्या मोटरला वाया घालवायला फारशी उष्णताच नसते. म्हणून गाडीतला हीटर पाणी तापवायच्या रॉडसारखा थेट बॅटरीच्या विजेवर चालतो. सुरुवातीला तो तीन किलोवॅट किंवा जास्तही ओढतो आणि केबिन तापल्यावर एक-दीडवर येतो. काही गाड्यांत हीट पंप असतो. तो कमी विजेत तेवढीच ऊब देतो, पण स्वस्त गाड्यांत सहसा नसतो.

तिसरी वाट हवेची. ८ अंशांची हवा ३० अंशांच्या हवेपेक्षा साधारण ८ टक्के दाट असते आणि हायवेवर गाडीला ती जास्त ढकलावी लागते. टायरमधली हवाही आकसते. दुपारी २८ अंशांना ३३ पीएसआय भरलेली हवा पहाटे ८ अंशांना ३० च्या आसपास दिसते.

आता आपल्या भागापुरती एक गोष्ट. नॉर्वे-काश्मीरचे व्हिडिओ पाहून घाबरू नका. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर गेला होता, पण एरवी विदर्भातली हिवाळी पहाट ८ ते १२ अंशांची आणि दुपार २७-२८ ची असते. बॅटरी जड असल्यामुळे ती हवेइतक्या लवकर थंड होत नाही. बाहेर ९ अंश असले तरी आदल्या दिवशी चाललेल्या, आडोशाला उभ्या असलेल्या गाडीचा पॅक पहाटे १६-१८ अंशांवर असू शकतो. दोन दिवस उघड्या अंगणात वाऱ्यावर उभी असेल तर तो १२-१३ पर्यंत उतरतो. म्हणजे निम्मं काम हीटर नाही, जागा करते.

## टप्पा १: आधी ठरवा, गरम करायची गरज आहे का

बॅटरी १० अंशांनी तापवायला साधारण एक युनिट वीज लागते, गळती धरून सव्वा. ३० युनिटच्या गाडीत एक युनिट म्हणजे सहा-सात किलोमीटर. त्यामुळे आठवडी बाजाराला आठ किलोमीटर जाऊन यायचं असेल तर काहीही गरम करू नका. जेवढं वाचेल त्यापेक्षा जास्त खर्च होईल.

गरम करण्यात अर्थ आहे तो दोनच वेळी. एक, पहाटे निघून रेंजच्या निम्म्याहून जास्त अंतर एका दमात कापायचं असेल. दोन, निघाल्यावर लगेच डीसी फास्ट चार्जर लावायचा असेल. थंड पॅकला फास्ट चार्जर जोडला की मशीन कितीही मोठं असो, गाडी तेवढी वीज घेतच नाही. चाळीस किलोवॅट घेणारी गाडी पंधरा-वीसवर अडकून बसते. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांमध्ये एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट सेल असतात. ते टिकाऊ आणि सुरक्षित आहेत, पण थंडीत चार्जिंग घेण्यात जरा जास्तच हळू.

> तपासा: तुमच्या गाडीत बॅटरी गरम करायची सोय आहे का, हे मॅन्युअलमध्ये बघा. केबिन आधी तापवणं आणि बॅटरी तापवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अ‍ॅपमधून एसी चालू केला म्हणजे बॅटरी तापली, असं नाही. काही गाड्यांत बॅटरीचा हीटर असतो, पण तो पॅक शून्याजवळ गेल्यावरच आपोआप लागतो. आपल्या ९ अंशांत तो झोपलेलाच राहतो. तुमच्या गाडीत हाताने किंवा वेळ लावून चालू करायची सोय असेल तर टप्पा ४ तुमच्यासाठी आहे. नसेल तर टप्पा २, ३ आणि ५ वरच भर द्या.

## टप्पा २: आदल्या संध्याकाळी जागा आणि हवा

गाडी भिंतीच्या आडोशाला, पत्र्याच्या शेडमध्ये किंवा छपरीत लावा. वारा अडला पाहिजे आणि वर उघडं आकाश नको, कारण दंव तिथेच पडतं. जमलं तर संध्याकाळचं काम त्याच गाडीने उरका आणि ती गरम असतानाच आत आणा. बोनेटवर गोधडी टाकणारे मी पाहिले आहेत. त्याचा काही उपयोग नाही, बॅटरी फरशीखाली असते.

टायरची हवा दुपारी नाही, सकाळी गाडी चालवण्याआधी बघा. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर जो आकडा दिलेला असतो तो थंड टायरसाठीच असतो. पहाटे पंप उघडा नसतो, म्हणून मी आदल्या दुपारी स्टिकरच्या आकड्यापेक्षा ३ पीएसआय जास्त भरून ठेवतो. पहाटे तो बरोबर जागेवर येतो.

> सावध: जानेवारीत घराघरात कापूस साठवलेला असतो. चार्जिंगचा सॉकेट त्या ढिगाच्या खोलीत किंवा त्याला लागून नको. १६ अँपिअर सलग आठ तास वाहिले की ढिला सॉकेट तापतो. चार्जिंग सुरू झाल्यावर अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा. कोमट असेल तर चालेल, हात ठेववत नसेल तर लगेच बंद करा आणि सॉकेट बदलून घ्या. बोर्डावरची लांबलचक एक्स्टेंशन वायर अजिबात नको. अर्थिंग नसेल तर बऱ्याचदा चार्जर स्वतःच लाल दिवा दाखवून थांबतो. त्याला फसवायच्या भानगडीत पडू नका.

> सावध: ट्रॅक्टर सुरू होत नसला की खाली शेकोटी लावायची सवय अजून आहे. ईव्हीखाली शेकोटी, शेगडी, कोळसे, हॅलोजन काहीही ठेवू नका. ज्वाळेच्या अगदी वर बॅटरी असते आणि ती एका बाजूने तापणं सगळ्यात धोक्याचं.

## टप्पा ३: चार्जिंग दोन भागांत

इथे बहुतेक जण चुकतात. संध्याकाळी सातला लावतात, पहाटे दोन-तीनला भरून थांबते आणि सकाळपर्यंत गाडी तशीच गार पडत राहते. दुसरी चूक उलटी: सगळं चार्जिंग पहाटेवर ढकलतात आणि नेमकी तेव्हाच लाइन जाते.

मधला मार्ग घ्या. संध्याकाळी लावून ७५ टक्क्यांपर्यंत भरा आणि तिथे थांबवा. उरलेले २५ टक्के निघायच्या आधी संपतील अशी वेळ लावा. ३० युनिटच्या गाडीत ते साडेसात युनिट होतात. ३.३ किलोवॅटच्या चार्जरमधून बॅटरीत तासाला साधारण तीन युनिट पोचतात, म्हणजे अडीच तास. शेवटच्या टक्क्याला सेल एकसारखे होताना वेग मंदावतो, त्यासाठी अर्धा तास जास्त धरा. लाइन गेलीच तरी हाताशी ७५ टक्के आहेत. मग निघायचं की वाटेत चार्जर घ्यायचा, एवढंच ठरवावं लागतं.

एक बारीक गोष्ट. गावात रात्री व्होल्टेज उतरलं की चार्जर कमी वीज ओढतो आणि गणित लांबतं. पहिल्या वेळी घड्याळ लावून मोजा की तुमच्या घरी तासाला नक्की किती टक्के चढतात. तो तुमचा आकडा, माझा नाही. आणि शेतीपंपाच्या लाइनवरून गाडी चार्ज करू नका. ती सवलतीची वीज पंपासाठी आहे, आणि तिचं व्होल्टेज तर विचारूच नका.

## टप्पा ४: वायर लागलेली असतानाच गरम करा

मुख्य गोष्ट ती हीच. वायर लावलेली असताना बॅटरी आणि केबिन तापवली तर ती वीज भिंतीतून येते आणि गाडीतले युनिट तसेच राहतात. वायर काढून तापवली तर तेच सव्वा युनिट तुमच्या रेंजमधून जातं. काम तेच, पण सात-आठ किलोमीटरचा फरक.

क्रम असा ठेवा:

1. चार्जिंग निघण्याच्या पाऊण तास आधी संपेल असं करा. हीटर आणि चार्जिंग एकाच वेळी चालले तर ३.३ किलोवॅटची लाइन दोघांना पुरत नाही आणि टक्केवारी वर जायच्या ऐवजी अडून बसते.
2. निघण्याच्या ३५-४० मिनिटं आधी बॅटरी गरम करणं सुरू होऊ द्या. तीन किलोवॅटच्या हीटरला पॅक १५ वरून २५ अंशांपर्यंत न्यायला साधारण अर्धा तास लागतो. २५ च्या पुढे नेण्यात आपल्यासाठी फायदा नाही.
3. शेवटची दहा मिनिटं केबिन तापवा, २२ अंशांवर. २८ वर ठेवलं तरी ऊब लवकर येत नाही, फक्त वीज जास्त जाते.
4. सगळे आत बसले, सामान भरलं, मग वायर काढा. वायर काढून "चहा घेऊन येतो" म्हटलं की केलेलं सगळं पाण्यात.

मोबाइलवरून चालू करायच्या भरवशावर राहू नका. आमच्याकडे पहाटे नेटवर्क कधी असतं, कधी नसतं. गाडीच्या स्क्रीनवरच निघायची वेळ लावायची सोय असेल तर रात्रीच लावून झोपा.

> तपासा: हीटर खरंच भिंतीच्या विजेवर चालतोय का, हे घराच्या मीटरवरून कळतं. सुरू व्हायच्या आधी आणि नंतर मीटरचा आकडा लिहा. अर्ध्या तासात एक ते दीड युनिट वाढलं असेल आणि गाडीची टक्केवारी जागेवर असेल तर काम बरोबर झालं. मीटर हलला नाही आणि टक्केवारी दोन-चारने उतरली, तर गाडी बॅटरीवरच तापतेय. मग चार्जर बंद पडलाय का ते बघा.

## टप्पा ५: पहिले दहा किलोमीटर

निघाल्यावर पहिलं लक्ष ब्रेककडे. बॅटरी शंभर टक्के भरलेली आहे, त्यात ती गार असेल तर रिजन जवळजवळ बंद असतं. रोज पाय उचलला की गाडी आपोआप मंदावते, आज ती पुढे घरंगळत राहील. गावाच्या वळणावर बैलगाडी किंवा कापसाचा ट्रॅक्टर समोर आला तर ब्रेक लवकर दाबा. बॅटरी गरम केलेली असली तरी ती पूर्ण भरलेली असेल तर हे होतंच. टक्केवारी ९०-९५ च्या खाली आली की हळूहळू रिजन परत येतं.

सुरुवातीला अ‍ॅक्सिलरेटर हळू दाबा, पण चालवूनच बॅटरी तापेल या आशेवर राहू नका. साठच्या वेगात तासभर चालवूनही पॅक तीन-चार अंशच वर जातो. वाटेत फास्ट चार्जिंग लागणारच असेल तर ते निघाल्याबरोबर घेऊ नका. तासाभराने, ऊन चढल्यावर घ्या. चार्जिंग चालू असताना फास्ट चार्जर स्वतःच पॅक तापवतो, म्हणून पहिल्या पाच मिनिटांत दिसणारा वेग पाहून मशीनला शिव्या देऊ नका. काही गाड्यांत नकाशावर चार्जर निवडला की गाडी वाटेतच बॅटरी तापवू लागते. ती सोय असेल तर पत्ता माहीत असला तरी नकाशात टाका.

काचेवर वाफ धरली तर एसी चालू ठेवून थोडी ऊब द्या. एसी हवा कोरडी करतो आणि काच मिनिटभरात साफ होते. नुसता हीटर पूर्ण फिरवला तर वीज जास्त जाते आणि काच उशिरा साफ होते. बाकी अंगाला स्वेटर, मागच्या सीटवर आजीला घोंगडी. हीटर २२ वरून २० वर आणला तरी थोडी वीज वाचते.

## भाच्याचं गणित, दोन पहाटांचं

पांढरकवडा ते नागपूर, हिंगणघाट-जाम-बुटीबोरीमार्गे, साधारण दीडशे किलोमीटर. गाडीत वापरता येणारे ३० युनिट. ऑक्टोबरमध्ये ६५ च्या वेगाने युनिटला सात किलोमीटर पडायचे, म्हणजे साडेएकवीस युनिट खर्च आणि साडेआठ शिल्लक.

पहिल्या जानेवारीच्या फेरीत गाडी दोन दिवस अंगणात उभी होती. चार्जिंग रात्री अकराला संपलं. वायर काढली. पहाटे ९ अंश. त्याने गाडीत बसून हीटर पूर्ण फिरवला आणि निघाला. दाट हवा आणि नरम टायर यांनी दोन युनिट जास्त खाल्ले, हीटरने तीन, गार बॅटरी आणि बंद रिजनने दीड. एकूण २८. नागपूरला पोचला तेव्हा दोन युनिट उरले होते, म्हणजे सात टक्क्यांहून कमी. नऊ वाजताची डॉक्टरची वेळ आणि सोबत आजारी माणूस, त्यामुळे त्याचा जीव टांगणीला लागला होता.

दुसऱ्या फेरीला गाडी छपरीत ठेवली, टायर भरले. संध्याकाळी ७५ टक्के, मग पावणेदोनला पुन्हा चार्जिंग सुरू, पावणेपाचला पूर्ण. पाच वाजायला पाच-दहा मिनिटं असताना बॅटरीचा हीटर, पाच-वीसला केबिन, साडेपाचला वायर काढून निघाला. या वेळी हवेने एक युनिट घेतला (दाट हवेला इलाज नाही), हीटरने एक, बॅटरीने अर्धा. एकूण २४, शिल्लक सहा, म्हणजे वीस टक्के. घरच्या मीटरवर जास्तीचे पावणेदोन युनिट पडले. मीटरवरच्या पावणेदोन युनिटांनी गाडीत चार युनिट वाचवले, पण त्यातला मोठा वाटा टायर आणि हीटर कमी ठेवण्याचा आहे. बॅटरी गरम करण्याचा स्वतःचा वाटा साधारण एक युनिट. हे स्पष्ट सांगतो, कारण बॅटरी तापवली की रेंज दुप्पट होते असं सांगणारेही भेटतात.

परतीला काहीच करायचं नसतं. दुपारी दोनला नागपुरात २७ अंश असतात. ऊन लागेल अशा जागी गाडी लावा, चार्जरवर जेवढं लागतं तेवढं भरा आणि हीटर बंद ठेवून अंधार पडायच्या आत निघा. संध्याकाळी घरी पोचल्यावर मात्र लगेच छपरीत. पॅक तेव्हा गरम असतो, आणि उद्या पुन्हा पहाटे निघायचं असेल तर ती ऊब वाऱ्यावर घालवू नका.